वाऱ्याने पडलेली कंपाउंड वॉल पुन्हा बांधताना: खांबांमधलं अंतर आणि फुटिंगची खोली

मे 2024 च्या मध्यावर, वळवाच्या एका संध्याकाळी, आमच्या बंगल्यांच्या छोट्या सोसायटीची पश्चिमेकडची कंपाउंड वॉल पडली. भिंत 96 फूट लांब आणि 6 फूट उंच. साधारण दोन तृतीयांश भिंत शेताच्या बाजूला आडवी झाली आणि उरलेली तिकडेच झुकून उभी राहिली. जागा पुण्याच्या पूर्वेला, हवेली तालुक्यात. वर काळी माती आणि खाली मुरूम. नवी भिंत जानेवारी 2025 मध्ये उभी राहिली. मधल्या काळात जे विचारावं लागलं, मोजावं लागलं आणि खर्चावं लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे, कारण "वारा जोराचा होता" या उत्तराने पुढची भिंत कशी बांधायची ते कळत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे राडारोडा उचलण्याआधी तो नीट बघून घ्यायचा. ठेकेदार दुसऱ्याच दिवशी जेसीबी आणायला तयार असतो, पण भिंत का पडली याचा सगळा पुरावा त्या ढिगातच असतो. पडलेली भिंत साधारण तीन प्रकारांनी पडते. खांब जागेवर उभे आणि मधली भिंत तेवढी पत्र्यासारखी निसटून बाहेर पडलेली असेल, तर दोष खांब आणि भिंत यांच्या सांध्यात किंवा खांबांमधल्या अंतरात आहे. खांब जमिनीलगत मोडून सळया वाकलेल्या किंवा गंजून तुटलेल्या दिसत असतील, तर दोष खांबाच्या पायथ्याशी आहे. बहुतेक वेळा सळ्यांचा जोड नेमका तिथेच आखूड दिलेला असतो. आणि खांब भिंतीसकट, फुटिंगसकट म्हणजे खांबाखालच्या रुंद काँक्रीटच्या पायासकट, मातीचं ढेकूळ उचलून उलटले असतील, तर खांब पुरेसा मजबूत होता, त्याला जमिनीत धरून ठेवणारं काही नव्हतं. आमच्याकडे तिसरा प्रकार होता. उलटलेल्या खांबांच्या तळाशी 2 फूट बाय 2 फुटांचं फुटिंग तसंच्या तसं चिकटलेलं दिसत होतं. सगळे फोटो फूटपट्टी शेजारी ठेवून काढले. पुढे इंजिनिअरला त्यांचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

झुकून उभ्या राहिलेल्या भागाचं काय करायचं हा प्रश्न लगेच येतो. ओळंबा सोडून वरच्या थरापाशी आणि तळाशी दोरीपासूनचं अंतर मोजायचं. साडेचार इंची भिंत सव्वा इंचाहून जास्त झुकली असेल तर ती उतरवायची, असं इंजिनिअरने सांगितलं. आमची अडीच इंचांवर होती. ती बल्ल्यांचा टेकू देऊन, वरून खाली थर काढत उतरवली. दोराने ओढून पाडली तर शेजारचा गाळाही, म्हणजे दोन खांबांमधला भिंतीचा तुकडाही, ओढला जातो. या कामाला आणि राडारोडा हलवायला मिळून 14,000 रुपये गेले.

जूनमध्ये इंजिनिअरकडून हिशेब करून घेतला. त्यांची फी 9,000 रुपये होती, आणि हा हिशेब समजून घेतला की बाकी सगळे निर्णय सोपे होतात, म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

वाऱ्याच्या भारासाठीचं भारतीय मानक, आयएस 875 चा भाग 3, पुण्यासाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला 39 मीटर धरायला सांगतं. म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर. मुंबईसाठी हाच आकडा 44 आहे. कंपाउंड वॉलला तात्पुरत्या बांधकामांच्या गटात धरून हा वेग कमी करायची सवलत मानकात आहे, पण भिंतीच्या आतल्या बाजूला मुलं खेळतात, म्हणून ती सवलत घेतली नाही. वेगावरून दाब काढायचं सूत्र सोपं आहे:

```
p = 0.6 × V²
```

39 घातले की चौरस मीटरला 913 न्यूटन येतात. जमिनीवर उभ्या लांब भिंतीला पुढून दाब आणि मागून ओढ अशी दोन्ही बसतात, म्हणून त्याला आमच्या लांबी-उंचीच्या प्रमाणानुसार 1.3 ने गुणलं. बोलायला सोप्या भाषेत, चौरस मीटरला 120 किलो. हा दाब भिंतीच्या निम्म्या उंचीवर एकवटला असं मानतात. 6 फूट म्हणजे 1.8 मीटर उंच भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर 216 किलोचा रेटा, तो जमिनीपासून 0.9 मीटरवर. उलटवणारा जोर म्हणजे रेटा गुणिले ही उंची, तो झाला 194 किलो-मीटर.

आता खांब नसलेली, नुसती साडेचार इंची विटांची भिंत घ्या. एक मीटर लांबीचं वजन सुमारे 400 किलो. उलटताना ती आपल्या कडेवर फिरते, आणि वजन त्या कडेपासून जाडीच्या निम्म्यावर, म्हणजे जेमतेम 6 सेंटीमीटरवर असतं. या अंतराला हात म्हणतात. उभं ठेवणारा जोर 23 किलो-मीटर. समोर 194. फक्त वजनाच्या बळावर अशी भिंत ताशी 50 किलोमीटरच्या आसपास वाऱ्यापर्यंतच टिकते. त्यापुढे ती सिमेंटच्या दरजांच्या चिकटपणावर उभी असते. नऊ इंची भिंतीचं वजन दुप्पट आणि हातही दुप्पट, म्हणून जोर चौपट होतो, तरीही 91 किलो-मीटरच. म्हणजे पुण्याच्या वाऱ्याला नुसती नऊ इंची भिंतही कमी पडते. "भिंत जाड करू, खांब कमी करू" हा सल्ला वारंवार मिळतो. त्याचं उत्तर या आकड्यांत आहे. वारा सोसायचं काम खांबाचं आणि फुटिंगचं असतं, भिंतीने फक्त तो खांबापर्यंत पोचवायचा असतो.

उंचीबद्दल इथेच एक गोष्ट. रेटा उंचीच्या प्रमाणात वाढतो आणि त्याचा हातही उंचीच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे उलटवणारा जोर उंचीच्या वर्गाने वाढतो. पाच फुटांच्या भिंतीवर दोन फूट पत्रा ठोकला की जोर जवळपास दुप्पट होतो. जुन्या भिंतीवर आडोशासाठी पत्रा किंवा दाट शेडनेट चढवलेलं असतं तिथेच भिंती जास्त का झुकतात याचं कारण हे आहे. उंची वाढवायचीच असेल तर वरचा भाग वारा आरपार जाईल अशा जाळीचा असावा. महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत रस्त्याकडच्या भिंतीला 1.5 मीटरची मर्यादा आहे आणि वरचा 0.9 मीटर भाग उघड्या बांधणीचा असेल तर 2.4 मीटरपर्यंत जाता येतं. आमची भिंत शेताकडची होती, तरी कामाआधी कार्यालयात विचारून घेतलेलं बरं.

जुन्या भिंतीचा हिशेब याच रीतीने मांडला. खांब 12 फुटांवर होते. एका गाळ्यावरचा रेटा सुमारे 780 किलो, आणि तो फुटिंगच्या तळापासून 1.5 मीटर उंचीवर, कारण फुटिंग 2 फूट खोल होतं. उलटवणारा जोर 1,170 किलो-मीटर. धरून ठेवायला काय होतं? गाळ्याची भिंत 1,416 किलो, खांब 317 किलो, फुटिंग आणि त्यावरची माती मिळून 425 किलो. फुटिंग खांबाच्या दोन्ही बाजूंना सारखं असतं तर निदान 650 किलो-मीटरचा आधार मिळाला असता. पण खांबाची बाहेरची कड नेमकी हद्दीवर होती आणि फुटिंग सगळं आतल्या बाजूला. बाहेर पडताना भिंत ज्या कडेवर फिरते ती कड खांबाच्या मध्यापासून साडेचार इंचांवर. भिंतीचं आणि खांबाचं सगळं वजन त्या साडेचार इंचांच्या हातावर. बेरीज आली 327 किलो-मीटर, लागणाऱ्या जोराच्या जेमतेम 28 टक्के. वेगात बोलायचं तर ताशी 74 किलोमीटरचा झोत तिला पुरेसा होता, आणि वळवाच्या वादळात एवढा झोत येतोच.

भिंत शेताकडे का पडली तेही इथे उलगडतं. पुण्यात मे महिन्यातली वळवाची वादळं बहुधा पूर्वेकडून येतात, म्हणजे वाऱ्याने भिंतीला आतून बाहेर ढकललं, आणि बाहेरच्या बाजूला फुटिंगचं बोटही नव्हतं. तोच वारा पश्चिमेकडून आला असता तर हीच भिंत बऱ्याच जास्त झोताला उभी राहिली असती. हद्दीला अगदी चिकटून बांधलेल्या भिंती बाहेरच झुकलेल्या दिसतात. एकदा हे लक्षात आलं की रस्त्याने जाताना ओळीने दिसायला लागतं.

पुढचे काही महिने हद्दीच्या प्रश्नात गेले. खांब आत सरकवायचा की नाही हे ठरवायला हद्द नक्की कुठे आहे हे कागदावर हवं. सातबारा आणि ओळखपत्रं जोडून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज जूनमध्ये केला. मोजणी सप्टेंबरमध्ये झाली. त्या दिवशी शेजारच्या शेतमालकांना स्वतः निरोप देऊन बोलवावं; नोटीस जातेच, पण ते समोर असताना खुणा झाल्या की पुढचे वाद होत नाहीत. खुणांचे दगड रोवले की लगेच त्यांच्याभोवती थोडं काँक्रीट ओतावं आणि पक्क्या कोपऱ्यांपासून त्यांची अंतरं मोजून लिहून ठेवावीत. खोदाई सुरू झाली की दगड हलतात. मोजणी नकाशाची क प्रत हातात आल्यावर ती, सातबारा आणि इंजिनिअरचं रेखाचित्र जोडून ग्रामपंचायतीत अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. शेतमालकांकडून खोदाईपुरती त्यांच्या बाजूला माती टाकायची लेखी संमतीही घेतली. पावसाळा मध्ये होताच. काळ्या मातीत पावसाळ्यात फुटिंगचे खड्डे घ्यायचेच नसतात, त्यामुळे ही वाट पाहणं वाया गेलं नाही.

आता नव्या भिंतीचं रेखाचित्र. खांब 8 फुटांवर, 9 बाय 9 इंचांचे, चार 12 मिलिमीटर सळयांचे. फुटिंग 3 फूट बाय 3 फूट, 10 इंच जाड, तळ 4 फूट खोल. जमिनीच्या पातळीला 9 बाय 12 इंचांचा प्लिंथ बीम, त्यावर 6 इंची सॉलिड ब्लॉकची भिंत, आणि भिंतीच्या माथ्यावर सळया घातलेली काँक्रीटची पट्टी, म्हणजे कोपिंग. 8 फुटांच्या गाळ्यावरचा रेटा 520 किलो, फुटिंगच्या तळापासून 2.1 मीटरवर. उलटवणारा जोर सुमारे 1,090 किलो-मीटर. वजन मात्र आता बरंच आहे: भिंत 1,360, बीम 415, खांब 400, फुटिंग 505 आणि त्यावर दाबलेली माती 1,240 किलो. खांब फुटिंगच्या मधोमध असेल तर आधार 1,750 किलो-मीटरवर जातो, म्हणजे गरजेच्या 1.6 पट. इंजिनिअरला किमान 1.4 पट हवा होता.

पण आमच्या मोजमापांत खांब मधोमध ठेवायचा तर भिंत हद्दीपासून जवळजवळ सव्वा फूट आत घ्यावी लागते. सभासदांचा याला साहजिकच विरोध होता. तेव्हा तीन पर्याय आकड्यांत मांडले. खांबाची कड हद्दीवरच ठेवली तर, एवढं मोठं फुटिंग असूनही, आधार गरजेच्या 0.95 पट, म्हणजे कमीच. खांब 9 इंच आत घेतला तर 1.41 पट. मधोमध घेतला तर 1.6 पट. सभेत 9 इंचांवर एकमत झालं. सोडलेल्या पट्टीत फुटिंग जमिनीखाली आहेच, त्यामुळे जागा सोसायटीच्या वापरातच राहते. प्रत्येक जागेला हाच आकडा लागू होईल असं नाही, पण हा तक्ता सभेत ठेवल्याशिवाय "आपली एक इंचही जागा सोडायची नाही" या आग्रहापुढे इंजिनिअरचं काही चालत नाही.

खांबांच्या अंतराचा परिणाम फुटिंगपेक्षाही मधल्या भिंतीवर जास्त होतो. दोन खांबांमधली भिंत वाऱ्यात फळीसारखी वाकते, आणि तिच्यातला ताण अंतराच्या वर्गाने वाढतो. 12 फुटांचं अंतर 8 वर आणलं की ताण निम्म्याहून कमी होतो. त्यात साडेचार इंचांऐवजी सहा इंची ब्लॉक घेतला की आणखी कमी. दोन्ही मिळून ताण जवळपास एक चतुर्थांशावर येतो. तरीही गवंडीकामाला ओढ सोसवत नाही, म्हणून निम्म्या उंचीवर 3 इंच जाड काँक्रीटची पट्टी दोन 8 मिलिमीटर सळया घालून दिली आणि तिच्या सळया खांबात अडकवल्या. वर कोपिंग, खाली प्लिंथ बीम, मध्ये पट्टी. भिंत मग चारही कडांनी धरली जाते. 8 ऐवजी 12 फूट ठेवले असते तर चार खांब वाचले असते. एका खांबाचा, फुटिंग धरून, खर्च सुमारे 7,000 रुपये आला. म्हणजे ज्या बचतीसाठी ठेकेदार आग्रह धरत होते ती 28,000 रुपयांची होती.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खोदाई सुरू झाली. खोलीबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज इथे दूर करायला हवा. "चार फूट खोल घ्या" हा आकडा कुठल्याही जागेसाठी आंधळेपणाने घेण्याचा नाही. वरच्या हिशेबात पाहिलं तर खोली वाढली की रेट्याचा हातही वाढतो, म्हणून अरुंद फुटिंग नुसतं खोल नेऊन फायदा होत नाही, रुंदीही हवी. खोलीचे खरे फायदे दोन. एक, फुटिंग अशा थरावर बसतं जो ऋतूप्रमाणे हलत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वरच्या थरात बसलेलं फुटिंग दरवर्षी थोडं उचललं जातं आणि थोडं खचतं, तेही दोन्ही कडांना सारखं नाही, कारण एका बाजूला शेताचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला फरशी. वारा न येताही भिंत कलते ती यामुळे. दुसरा फायदा बाजूच्या मातीच्या पकडीचा. दाबलेल्या मुरुमात ही पकड खोलीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. खोली दुप्पट झाली की पकड आठपट. ती आम्ही हिशेबात धरली नाही, शिल्लक ठेवली. काळ्या मातीत मात्र ती धरताच येत नाही. एप्रिल-मेमध्ये माती भेगाळून खांबाभोवती बोटभर फट पडते, आणि नेमका त्याच वेळी वळीव येतो. भर पावसात तीच माती लोण्यासारखी मऊ होते. आमच्या झुकलेल्या खांबांभोवती ती फट इतकी स्पष्ट होती की सळई सहज फूटभर आत जात होती.

म्हणून खड्डा कुठे थांबवायचा हे मातीने ठरवायचं. आमच्याकडे अडीच ते तीन फुटांवर मुरूम लागला आणि त्यात फूटभर शिरून, चार फुटांवर तळ घेतला. परीक्षा साधी आहे: पहार दोन्ही हातांनी जोरात मारायची. ठणठणीत आवाज येऊन ती दोन-तीन इंचांतच अडली तर थर चांगला. सहा इंच आत गेली आणि उपसताना माती चिकटून आली तर अजून खाली जायचं. दक्षिण टोकाच्या दोन खड्ड्यांत जुना भराव निघाला आणि मुरूम साडेपाच फुटांवर गेला. तिथे पूर्ण खोलीपर्यंत खोदून, तळाचा जादा दीड फूट कमी सिमेंटच्या काँक्रीटने भरून मग बाकीच्यांबरोबर पातळी जुळवली. अशा खड्ड्यात "डबर टाकून बसवतो" असं म्हणतात, पण मऊ मातीवर टाकलेलं डबर पहिल्या पावसात बसतं आणि तोच खांब आधी कलतो. सर्व खड्डे एकदम खोदून ठेवू नयेत. उघडा मुरूम दोन-तीन दिवसांत सुकून सैल होतो आणि कडा ढासळतात. आम्ही चार-चार खड्डे घेतले, त्याच दिवशी पाणी शिंपडून धुमसाने तळ चोपला आणि 4 इंच पीसीसी, म्हणजे सळयांशिवायचं साधं काँक्रीट, टाकलं.

फुटिंगची जाळी 10 मिलिमीटर सळ्यांची, खाली 2 इंचांचे कव्हर ब्लॉक. दगडाच्या चिपा ठेवायचा मोह प्रत्येक मिस्त्रीला होतो. त्या सरकतात आणि सळई मातीला टेकते, मग दहा वर्षांत गंज. खांबाच्या सळया जाळीवर एक फूट आडव्या वळवून बांधल्या आणि त्या एकाच लांबीत वरपर्यंत नेल्या. जोड जमिनीच्या पातळीला नको, कारण वाऱ्याचा सर्वांत जास्त ताण तिथेच येतो. 12 मिलिमीटर सळई साधारण 40 फुटांच्या लांबीत येते. कापताना थोडा विचार केला तर जोड टाळता येतो. रिंगा 6 इंचांवर, पण जमिनीच्या वर-खाली दीड-दीड फुटात 4 इंचांवर. भिंतीच्या मध्यावर सांधा ठेवला: एकाच फुटिंगवर दोन खांब, मध्ये पाऊण इंच फट. तापमानाची तडजोड त्या फटीत होते, गाळ्याच्या मध्यावर तडा जात नाही.

खड्डे भरायचं काम सर्वांत दुर्लक्षित असतं, आणि ते मी कुणावर सोपवलं नाही. हिशेबात फुटिंगवरच्या मातीचं 1,240 किलो वजन धरलंय ते दाबलेल्या भरावाचं. जेसीबीने ढकललेली सैल काळी माती त्याच्या जवळपासही जात नाही आणि पुढे बसून तिथे पाणी साठतं. उपसलेली काळी माती बाजूला काढली आणि मुरूम 6-6 इंचांच्या थरांत, ओला करून, धुमसाने चोपून भरला. एका खड्ड्याला दोन गड्यांना बराच वेळ लागतो, म्हणून हे काम मजुरीत आधीच लिहून घ्यावं. वरचा थर भिंतीपासून दूर उतरता ठेवला.

डिसेंबरमध्ये खांब भरले आणि प्रत्येक खांबातून दर दोन फुटांवर 8 मिलिमीटर सळईचा दीड फूट तुकडा दोन्ही बाजूंना बाहेर ठेवला. ब्लॉकच्या दरजेत तो सिमेंटमध्ये दाबला जातो. सेंटरिंगच्या पाटीला भोक पाडावं लागतं म्हणून मिस्त्री टाळतात, "नंतर टोचा मारून माल भरतो" म्हणतात. गुळगुळीत खांबाला नुसत्या मालाने चिकटवलेली भिंत उन्हाळ्यात सांध्यावर केसाएवढी सुटते, आणि मग गाळा वाऱ्यात दारासारखा निसटतो. खांबांना गोणपाट गुंडाळून सात दिवस पाणी मारलं, त्यानंतरच ब्लॉक चढवले. एका दिवसात चार फुटांपेक्षा जास्त नाही. कोपिंग होईपर्यंतची ताजी भिंत सर्वांत कमजोर असते. तिला दोन्ही बाजूंनी बल्ल्या लावून ठेवल्या.

हा सगळा हिशेब दोन्ही बाजूंची जमीन एका पातळीला असेल तरच खरा. उत्तर टोकाला आमची जमीन शेतापेक्षा उंच होती आणि मागे चार फूट भराव येणार होता. चार फूट कोरड्या मातीचाच उलटवणारा जोर दर मीटर लांबीला 170 किलो-मीटरच्या घरात जातो, म्हणजे जवळपास वाऱ्याएवढा, आणि मागे पाणी साठलं तर ते एकटंच त्याहून जास्त. भरावाची उंची दुप्पट झाली की हा जोर आठपट होतो. 29 जून 2019 ला कोंढव्यात सोसायटीची भिंत कोसळून 15 माणसं गेली, ती पावसात आणि मातीच्या रेट्याखाली. अशा ठिकाणी कंपाउंड वॉल नाही, माती अडवणारी रिटेनिंग वॉल बांधावी लागते आणि तिचं रेखाचित्र वेगळं. आम्ही तो भराव भिंतीपासून सहा फूट मागे घेऊन उतार दिला आणि तळाशी दर आठ फुटांवर 4 इंची पाइप ठेवून पाण्याला वाट दिली.

जानेवारीअखेर प्लास्टरसह काम संपलं. एकूण 2,38,000 रुपये: राडारोडा 14,000, जेसीबी 9,000, इंजिनिअर 9,000, माल 1,28,000, मजुरी 78,000. धावत्या फुटाला सुमारे 2,480 रुपये पडले. मालात सळई साधारण 530 किलो, सिमेंट 90 पोती आणि ब्लॉक 660 लागले. ठेकेदाराशी दर धावत्या फुटावर ठरवू नये. तसा ठरला की खोली आणि भराव या दोन न दिसणाऱ्या गोष्टींतच काटछाट होते. फुटिंग आणि खांब नगावर, भिंत चौरस फुटांवर, असा दर घ्यावा आणि प्रत्येक खड्ड्याचा फोटो टेप लावून काढल्याशिवाय पीसीसी टाकू देऊ नये.

प्रत्येक तिसऱ्या खांबाच्या आतल्या बाजूला वर आणि खाली एकेक खिळा ठोकून ओळंब्याचं अंतर फेब्रुवारीत वहीत लिहून ठेवलं. 2025 चा मे महिना पुण्यात पावसाचाच गेला. मोसमी पाऊसही 26 मे लाच पोचला. जूनच्या पहिल्या आठवड्यात तीच अंतरं पुन्हा मोजली. फरक कुठेही 2 मिलिमीटरच्या वर नव्हता, आणि तोही दक्षिणेच्या भरावातल्या एका खांबापाशी. तो खांब आता दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मोजला जातो. 10 मिलिमीटरच्या वर गेला तर त्याच्याशेजारचा भराव उकरून फुटिंग बघायचं, असं ठरलं आहे.